क्लासमध्ये मुलाला छळतात, आणि तिथे समितीच नाही: मग तक्रार कुणाकडे करायची?

शाळेत काही झालं तर मुख्याध्यापक असतात, शिक्षणाधिकारी असतात, २०२२ पासून सखी सावित्री समितीही असते. इंजिनिअरिंग किंवा मेडिकल कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असते आणि यूजीसीची हेल्पलाइन असते. पण नववी-दहावीपासून मुलं ज्या खासगी क्लासमध्ये दिवसाचे पाच-सहा तास काढतात, तिथे तक्रार ऐकून घेणारं बहुतेक वेळा कुणीच नसतं. एक सर असतात, एक रिसेप्शनवरची ताई असते आणि फी भरायचं काउंटर असतं.

म्हणून पालक आधी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातात. तिथे सांगतात, ‘खासगी क्लास आमच्या अखत्यारीत येत नाहीत.’ मग ते यूजीसीच्या रॅगिंग हेल्पलाइनला फोन लावतात. ती उच्च शिक्षणाच्या संस्थांसाठी आहे, क्लाससाठी नाही. दोन दारं बंद दिसली की घरात ठरतं, ‘जाऊ दे, वर्षच काढायचं आहे.’ माझं म्हणणं एवढंच आहे की ही दोन्ही दारं चुकीची होती. बरोबर दार क्लासमध्येच आहे, आणि ते उघडायची किल्ली महाराष्ट्राच्या एका जुन्या कायद्यात आहे.

१९९९ चा कायदा क्लासलाही लागू होतो

महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला. तो फक्त कॉलेजांसाठी आहे असा सगळ्यांचा समज आहे. पोलीस ठाण्यातही बऱ्याचदा तेच ऐकायला मिळतं. पण त्या कायद्यात ‘शैक्षणिक संस्था’ म्हणजे काय ते सांगताना कॉलेजच्या जोडीला वसतिगृह, बोर्डिंग आणि शिकवणी संस्था यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. शिकवणी संस्था म्हणजे आपले क्लास. शिवाय हा कायदा संस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडचं रॅगिंग मोजतो. त्यामुळे ‘हे क्लास सुटल्यावर चहाच्या टपरीवर झालं, आमचा संबंध नाही’ असं म्हणून सरांना हात झटकता येत नाहीत.

रॅगिंग या शब्दाने आपल्या डोळ्यासमोर सिनियर-ज्युनियर येतात. कायद्याची व्याख्या मात्र त्याहून रुंद आहे. ज्या वागण्याने विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होते, भीती वाटते, लाज वाटते, ते सगळं त्यात येतं. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, अंगलट येणारी ‘मस्करी’, मारहाण हे त्यात आहे. जे काम तो मुलगा स्वतःहून कधी करणार नाही ते त्याला करायला लावणंही त्यात आहे. छळणारा वरच्या वर्गातलाच असला पाहिजे, अशी अट या व्याख्येत नाही. एकाच बॅचमधल्या मुलांनी केलेला छळही त्यात बसतो.

यातली सर्वांत उपयोगाची तरतूद कलम ६ ची आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांच्यापैकी कुणीही संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार दिली, की प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य दिसलं नाही तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. आणि प्रमुखाने काहीच केलं नाही तर? कलम ७ म्हणतं की त्याने रॅगिंगला प्रोत्साहन दिलं असं धरलं जाईल. मग त्याला रॅगिंग करणाऱ्याइतकीच शिक्षा होऊ शकते, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड.

म्हणजे समिती नाही म्हणून जबाबदारीच कुणाची नाही, असं होत नाही. क्लासचा कारभार ज्याच्या हातात आहे, त्याच्यावर कायद्याने ही जबाबदारी टाकलेली आहे. फक्त ती तोंडी तक्रारीने जागी होत नाही, लेखी तक्रारीने होते. माझ्या मते पालकांची सगळ्यात मोठी शक्ती इथेच वाया जाते. ते सरांना तीन-चार वेळा भेटतात, सर ‘मी बघतो’ म्हणतात आणि कागदावर मात्र काहीच राहत नाही.

एक उदाहरण नीट उलगडून पाहू

समजा, उदगीर तालुक्यातला ओंकार अकरावीला लातूरला आला आहे. वय सोळा पूर्ण. ट्युशन एरियातल्या एका मोठ्या क्लासमध्ये नीटची बॅच, जवळच खासगी होस्टेल, मेसचा डबा. वडील एसटीत कंडक्टर. खोलीत आणखी तिघं. त्यांतले दोघं सतरा वर्षांचे आणि तिसरा एकोणीसचा रिपीटर. (हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण यातला एकेक प्रकार कुठल्याही होस्टेलवर कानावर येतो.)

सुरुवात बोलण्यावरून होते. त्याच्या गावाकडच्या बोलीची नक्कल, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या फोटोचे स्टिकर. नंतर पहाटे सगळ्यांच्या बादल्या भरून आणायचं काम त्याच्याकडे येतं. त्याचा डबा आधी तिघं खातात. मग ‘दोनशे टाक, नाहीतर सरांना सांगू तू टेस्टला कॉपी करतोस’ अशी धमकी. एका रात्री त्याला बाथरूममध्ये घालून बाहेरून कडी लावतात आणि तासाभराने उघडतात.

ओंकार घरी यातलं काहीच सांगत नाही. तो म्हणतो पोटात दुखतं. रविवारची टेस्ट दोनदा बुडते. पैसे नेहमीपेक्षा लवकर संपतात आणि ‘झेरॉक्स लागल्या’ असं कारण येतं. फोनवर आधी दहा मिनिटं बोलणारा मुलगा ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवतो’ वर येतो, कारण तो बोलत असताना बाकीचे खोलीत असतात. म्हणून फोनवर खोदून विचारू नका. प्रत्यक्ष जा, त्याला होस्टेलपासून लांब घेऊन जा, काहीतरी खायला द्या आणि ‘तुला कोण त्रास देतं?’ असं थेट विचारण्याआधी ‘डबा कसा येतो, रात्री किती वाजता झोपता, पैसे कुणाला दिलेस?’ असं साधं विचारा. नावं आपोआप बाहेर येतात.

वडिलांच्या पहिल्या दोन प्रतिक्रिया बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात. ‘तू पण एक ठेवून द्यायची होतीस,’ किंवा ‘चल, आत्ता जाऊन त्या पोरांना बघतो.’ दोन्ही टाळा. पहिल्याने मुलगा पुन्हा गप्प होतो. दुसऱ्याने तुम्हीच अल्पवयीन मुलांना धमकावल्याची तक्रार समोरून येते आणि मूळ प्रकरण बाजूला पडतं.

कागद आधी, भेट नंतर

सरांकडे जाण्याआधी एक संध्याकाळ पुरावा गोळा करायला द्या. ग्रुपवरचे मेसेज ‘सगळ्यांसाठी डिलीट’ होऊ शकतात आणि काही ग्रुपमध्ये मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असते. म्हणून स्क्रीनशॉट लगेच घ्या. त्यात नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नाव ‘पिंट्या’ असं सेव्ह असेल तर त्यामागचा नंबर उघडून त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. पूर्ण चॅट ईमेलवर एक्सपोर्ट करून ठेवा. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. पुढे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं.

पैसे फोनवरून गेले असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढा. त्यात यूपीआय व्यवहाराची तारीख आणि समोरच्याचं नाव येतं. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर घ्या. आणि एका वहीत मुलाच्या स्वतःच्या शब्दांत तारीखवार काय झालं ते लिहून घ्या. तारीख नेमकी आठवत नसेल तर ‘केमिस्ट्रीच्या दुसऱ्या टेस्टच्या आदल्या रात्री’ असं लिहिलं तरी चालतं. क्लासच्या वेळापत्रकावरून ती तारीख पुढे काढता येते.

आता अर्ज. तो लांबलचक नको. ओंकारच्या वडिलांचा अर्ज साधारण असा होईल:

> प्रति, संचालक / व्यवस्थापक, (क्लासचे नाव व पत्ता).
> विषय: महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायदा, १९९९, कलम ६ अन्वये लेखी तक्रार.
> माझा मुलगा आपल्या अकरावी नीट बॅचचा विद्यार्थी असून (होस्टेलचे नाव) येथे राहतो. खाली नावे दिलेल्या तीन विद्यार्थ्यांनी (तारीख) ते (तारीख) या काळात त्याला शिवीगाळ केली, धमकी देऊन एकूण (रक्कम) रुपये घेतले, आणि (तारीख) रोजी रात्री त्याला बाथरूममध्ये कोंडून ठेवले. स्क्रीनशॉट व बँक स्टेटमेंट सोबत जोडले आहे. कायद्यानुसार सात दिवसांत चौकशी करून केलेली कारवाई मला लेखी कळवावी. तोपर्यंत माझ्या मुलाची बॅच व बसण्याची जागा त्या विद्यार्थ्यांपासून वेगळी ठेवावी, व त्यासाठी त्याच्या अभ्यासाचे नुकसान होऊ देऊ नये.

याच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्या. रिसेप्शनवर ‘सर आल्यावर सही देतो’ म्हणाले तर भांडू नका. तिथूनच पोस्टात जा आणि पोहोच पावतीसह स्पीड पोस्ट करा, शिवाय क्लासच्या ईमेलवर पाठवा. अर्ज पोहोचला त्या दिवसापासून सात दिवस मोजायचे. होस्टेल क्लासचं नसेल, वेगळ्या मालकाचं असेल, तर तसाच एक अर्ज होस्टेल चालकालाही द्या. तोही त्याच व्याख्येत येतो.

अर्ज देताना सर काय म्हणतील ते आधीच ठाऊक असलेलं बरं. ‘अहो पालक, मुलांची मस्करी असते, एवढं मनावर घेऊ नका.’ किंवा ‘तो मुलगा आमच्या टॉप बॅचचा आहे, त्याचं वर्ष वाया जाईल.’ किंवा ‘आमच्याकडे अशी काही समितीच नाही.’ शेवटच्या वाक्याला तर आता सर्वोच्च न्यायालयाचंच उत्तर आहे. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने देशभरातल्या शाळा, कॉलेजं आणि कोचिंग क्लाससाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. रॅगिंग, लैंगिक छळ, तसंच जात, वर्ग, लिंग, धर्म, अपंगत्व अशा कारणांवरून होणारा छळ यांच्या तक्रारीसाठी प्रत्येक संस्थेत गोपनीय यंत्रणा असावी, अंतर्गत समिती किंवा नेमून दिलेली अधिकारी व्यक्ती असावी, तक्रार करणाऱ्यावर सूड उगवलेला खपवून घेऊ नये, हे त्यात आहे. कायदा किंवा नियम होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. म्हणून ‘समिती नाही’ ही सबब उरत नाही. उलट, ते वाक्य सरांकडून ईमेलवर लेखी मिळालं तर पुढे तुमच्याच उपयोगी पडतं.

बऱ्याच प्रकरणांत लेखी अर्ज आणि कलम ७ चा उल्लेख एवढ्यानेच क्लास हलतो. बॅच बदलते, त्या मुलांच्या पालकांना बोलावलं जातं, पैसे परत होतात. तसं झालं आणि तुमच्या मुलाला ते पुरेसं वाटलं, तर तिथे थांबायला हरकत नाही. पण तडजोडही लिहून घ्या, आणि मुलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

पोलिसांकडे जाताना काय लक्षात ठेवायचं

कोंडून ठेवणं, पैसे उकळणं, मारहाण, लैंगिक स्वरूपाचा कुठलाही प्रकार, किंवा मुलाच्या जिवाला धोका वाटणं, असं काही असेल तर सात दिवसांची वाट पाहू नका. क्लासला अर्ज आणि पोलिसांकडे तक्रार एकाच दिवशी करता येते. तातडीची वेळ असेल तर ११२.

ठाण्यात एक गोष्ट नेहमी घडते. तुम्ही ‘माझ्या मुलाला चिडवतात, शिव्या देतात, एक-दोनदा मारलं’ एवढंच सांगितलं तर एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावर पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. साधी मारहाण, शिवीगाळ बहुतेक त्यातच जाते. पण धमकी देऊन पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी आहे आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. बाथरूममध्ये कोंडणं हे कलम १२७ खाली येतं, तेही दखलपात्र. म्हणून ओंकारच्या वडिलांनी चिडवण्यापासून सुरुवात करण्यापेक्षा तक्रार अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात पैसे आणि कोंडून ठेवणं हे तारखेसह लिहावं. घडलं तेच लिहायचं, फक्त गंभीर ते आधी. त्यासोबत १९९९ च्या कायद्याचाही उल्लेख करायचा.

गुन्हा कुठेही घडला असला तरी नोंद कुठल्याही ठाण्यात करता येते. वडील उदगीरच्या ठाण्यात गेले तरी ‘झिरो एफआयआर’ घेऊन ती लातूरला वर्ग करावी लागते. दखलपात्र गुन्हा असूनही ठाणं नोंदवत नसेल तर तोच मजकूर जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायचा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पुण्या-मुंबईसारख्या आयुक्तालयाच्या शहरांत हा वरचा टप्पा पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात असतो.

आता पालकांना सतावणारा प्रश्न. समोरची मुलंही कोवळीच आहेत, आपण त्यांचं आयुष्य बरबाद करतोय का? कायद्याने याचा विचार केलेला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला साधारणपणे अशा प्रकरणात एफआयआरला सामोरं जावं लागत नाही. अगदी भयंकर गुन्हा असेल किंवा सज्ञान माणसाच्या साथीने केलेला असेल तेव्हाच तशी वेळ येते. एरवी ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. मंडळाचा भर समुपदेशन आणि सुधारणेवर असतो, त्याला तुरुंगात टाकलं जात नाही. ओंकारच्या प्रकरणात मात्र तिसरा मुलगा एकोणीसचा आहे. त्याच्यासाठी नेहमीचे कायदे लागू होतात, आणि त्याच्या साथीने केलेल्या कृत्यात इतर दोघांवरही एफआयआर होऊ शकते. म्हणून तक्रारीत प्रत्येकाचं वय माहीत असेल तेवढं लिहा.

अल्पवयीन मुलांच्या प्रकरणांसाठी ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. तिथे गेल्यावर त्यांचं नाव विचारून त्यांनाच भेटायचं आहे असं सांगा. तुमच्या मुलाचा जबाब शांत वातावरणात आणि तुमच्यासमोर व्हावा ही मागणी रास्त आहे.

मुलांसाठीची यंत्रणा, आणि तिच्या मर्यादा

मुलाचं वय अठराच्या आत असेल तर १०९८ हा सोपा पहिला फोन आहे. तो मुलगा स्वतःही करू शकतो, रात्रीही. ही हेल्पलाइन आता महिला व बालविकास विभागामार्फत चालते आणि पुढे प्रकरण जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातं. हा कक्ष जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी जोडलेला असतो. कक्षाची माणसं क्लासमध्ये जाऊन बोलू शकतात, समुपदेशक देऊ शकतात, गरज पडली तर मुलाला बालकल्याण समितीसमोर नेऊ शकतात.

बालकल्याण समितीबद्दल एक गैरसमज आहे. ही समिती छळणाऱ्याला शिक्षा करत नाही. तुमच्या मुलाची सुरक्षितता आणि काळजी एवढंच तिचं काम आहे. होस्टेलवर राहणं धोक्याचं झालं आहे आणि घर दोनशे किलोमीटरवर आहे, अशा वेळी तिचा खरा उपयोग होतो. शिक्षेची अपेक्षा ठेवून तिथे गेलात तर निराश व्हाल.

क्लास, पोलीस, जिल्हा कक्ष सगळीकडे अर्ज देऊनही कुणी हललं नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. तो क्लासचालकाला आणि अधिकाऱ्यांना बोलावू शकतो, कागद मागवू शकतो. पण शेवटी तो शिफारस करतो, शिक्षा देत नाही. त्यामुळे आयोगाकडे जाताना आधीच्या सगळ्या अर्जांच्या पोहोच प्रती जोडा. ‘कुणी ऐकलं नाही’ हे त्या प्रतीच सिद्ध करतात.

जिल्हाधिकारी कार्यालय हाही एक रस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय देखरेख समिती नेमून तक्रारी घ्याव्यात असं म्हटलं आहे. कार्यालयाच्या आवक विभागात अर्ज द्या, विषयात त्या निकालाचा आणि तारखेचा उल्लेख करा, आवक क्रमांक घ्या. माझ्या मते हा अर्ज एकट्याने देण्यापेक्षा एकाच क्लासमधल्या चार-पाच पालकांनी सह्या करून दिला तर जास्त गांभीर्याने घेतला जातो.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे.

काही प्रकरणं वेगळ्या वाटेने जातात

छळ लैंगिक स्वरूपाचा असेल आणि मूल अठराखालचं असेल, मग मुलगी असो वा मुलगा, तर पॉक्सो कायदा लागू होतो. तिथे क्लासने ‘आपसात मिटवू’ म्हणणं हाच गुन्हा ठरू शकतो, कारण अशी माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं त्या कायद्याने सक्तीचं आहे. सज्ञान मुलीचा लैंगिक छळ शिक्षकाने किंवा कर्मचाऱ्याने केला असेल आणि क्लासमध्ये दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळे अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. फोटो किंवा व्हिडिओ पसरवले असतील तर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि त्याचबरोबर त्या ॲपवरही रिपोर्ट करा. खासगी अवयव किंवा नग्नता दिसणारा मजकूर संबंधित व्यक्तीने कळवल्यावर २०२१ च्या आयटी नियमांनुसार वेगाने काढावा लागतो.

अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल तर ॲट्रॉसिटी कायदा आहे आणि १४५६६ ही त्याची हेल्पलाइन आहे. अशा वेळी तक्रारीत वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा आणि तिथे कोण कोण हजर होतं ते लिहा. लाज वाटते म्हणून ‘जातीवरून बोलले’ एवढंच लिहिलं की तक्रार अगदी ढिली पडते.

छळणारे सरच असतील तर १९९९ च्या कायद्यापेक्षा बाल न्याय कायद्याचं कलम ७५ जवळचं आहे. ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली मूल आहे त्याने केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. इथे क्लासला अर्ज देण्यात अर्थ नसतो. थेट बालकल्याण पोलीस अधिकारी किंवा १०९८.

कॉलेजची हजेरी आणि क्लास एकत्र असलेल्या ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेत मुलगा कागदोपत्री एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाचाही विद्यार्थी असतो. हे विसरू नका. तसं असेल तर कॉलेजच्या प्राचार्यांनाही अर्ज द्या, आणि मग शिक्षणाधिकारी कार्यालयाला ‘आमचा संबंध नाही’ म्हणता येत नाही. आणि गल्लीतल्या एखाद्या मॅडमच्या हॉलमध्ये आठ मुलांची शिकवणी असेल तर? तिथे कायद्याच्या आधी, मॅडमशी आणि त्या मुलाच्या आई-बाबांशी समोरासमोर बोलणं बहुतेक वेळा पुरतं. मुलं एकाच शाळेची असतील तर शाळेच्या वर्गशिक्षकांनाही सांगा, कारण तोच त्रास बहुधा शाळेतही चालू असतो.

क्लास सोडायचा झाला तर

कधी कधी सगळं करूनही मुलाला त्या इमारतीत पाय टाकायचा नसतो. मग पालकांना थांबवते ती भरलेली फी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंग केंद्रांसाठीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी प्रमाणात, दहा दिवसांत परत करावी. क्लासच्याच होस्टेलवर तो राहत असेल तर होस्टेल आणि मेसचे पैसेही परत करावेत. या सूचना राज्यांनी आपापल्या नियमांत उतरवायच्या आहेत, त्यामुळे क्लास लगेच मान्य करेलच असं नाही. पण त्यांच्या आधारे मागणी लेखी करा आणि नकार आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बऱ्याच फी परताव्याच्या तक्रारी याच टप्प्यावर मिटतात. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. छळाची पोहोच घेतलेली तक्रार इथेही कामाला येते, कारण ‘विद्यार्थ्याने मनाने सोडलं’ या क्लासच्या दाव्याला ती उत्तर देते.

ओंकार लातूर सोडून उदगीरला परत गेला तरी त्याची पोलीस तक्रार चालूच राहते, पुढच्या जबाबासाठी त्याला बोलावलं जाऊ शकतं. त्या काळात तो झोपत नसेल, जेवत नसेल किंवा ‘नको वाटतं सगळं’ असं बोलत असेल तर १४४१६ ही टेलीमानसची हेल्पलाइन चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलते. आधी वडिलांनी स्वतः फोन करून ‘मी त्याच्याशी कसं बोलू?’ असं विचारलं तरी चालतं. आणि मुलगा मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा.